ओळखीतून व्यवसाय (भाग 7) : बावीस किलोचं केसिंग आणि दोनशे अक्षरं

विनंती स्वीकारली गेल्यावर पहिला निरोप काय लिहायचा, हा विषय या आठवड्यासाठी ठरला होता. तो पुढच्या आठवड्यावर ढकलतो आहे. मधल्या काळात शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीमालकांचं पत्र आलं. त्यांची अडचण त्याच्या एक पायरी आधीची आहे. विनंतीच स्वीकारली गेली नाही, तर पहिल्या निरोपाचा प्रश्नच येत नाही.

त्यांनी लिंक्डइनवर भोसरीतल्या एका मशीन शॉपच्या मालकीणबाईंना विनंती पाठवली, सोबत नोटही लिहिली. महिना होत आला तरी उत्तर नाही. नोट अशी होती :

«नमस्कार मॅडम, मी एका नामांकित फाउंड्रीचा संचालक आहे. आपले प्रोफाइल पाहून प्रभावित झालो. परस्पर हिताच्या व्यावसायिक संधींसाठी आपल्या नेटवर्कमध्ये सामील होण्यास उत्सुक आहे.»

पत्रात शेवटी त्यांनी विचारलं आहे, «नम्रपणे लिहिलं, चूक काही नाही, मग अडलं कुठे?»

नोट नम्र आहे, शुद्ध आहे, मर्यादेतही बसते. पण ती एखाद्या हॉटेलवाल्या बाईंना पाठवली असती तरी एक शब्द बदलावा लागला नसता. नोट हातात आली की मी आधी हेच तपासतो. समोरच्याचं नाव झाकायचं आणि मजकुरावरून तो कुणाला लिहिला आहे ते ओळखता येतं का बघायचं. इथे काहीच ओळखता येत नाही. पाठवणाऱ्याबद्दल एवढंच कळतं की त्यांची फाउंड्री आहे आणि त्यांच्या मते ती नामांकित आहे.

मी त्यांना फोन केला आणि विचारलं, हीच बाई का? भोसरी-चाकण पट्ट्यात मशीन शॉप काय कमी आहेत? त्यांनी एका दमात सगळं सांगितलं. त्यांचं एक पंप बनवणारं गिऱ्हाईक आहे. इतकी वर्षं ते कच्चं कास्टिंग उचलायचं आणि मशिनिंग दुसरीकडून करून घ्यायचं. आता त्यांनी सांगितलंय की केसिंग मशिनिंग करूनच द्या, आम्ही थेट असेंब्लीला घेऊ. यांच्याकडे वितळवायला भट्टी आहे, मोल्डिंग आहे, फेटलिंग आहे, पण मशिनिंग नाही. नवी मशीन घेण्याइतका पैसा आता अडकवायचा नाही. अशात या बाईंची पोस्ट दिसली. शॉपमध्ये नवं एचएमसी बसल्याचा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं की दुसऱ्या शिफ्टसाठी काम शोधतो आहोत.

म्हटलं, साहेब, हेच लिहायचं होतं. यातला एकही शब्द तुमच्या नोटमध्ये नाही.

हे फक्त त्यांचंच होतं असं नाही. फोनवर माणूस नेमकं बोलतो, लिहायला बसला की त्याच्या अंगात कार्यालयीन पत्रव्यवहार शिरतो. «परस्पर हित», «व्यावसायिक संधी», «प्रभावित झालो» हे शब्द वापरले की आपण अदबीनं वागलो असं वाटतं. पण वाचणाऱ्या बाईंच्या बाजूनं बघा. विनंत्यांच्या यादीत विमा विकणारे असतात, सॉफ्टवेअर विकणारे असतात, «तुमची विक्री वाढवून देतो» म्हणणारे असतात, आणि तेही याच शब्दांत लिहितात. माझ्या माहितीतल्या एक उद्योजिका म्हणतात की «संधी» हा शब्द दिसला की कुणीतरी काहीतरी विकायला आलंय असं धरून त्या पुढे जातात. फाउंड्रीवाल्यांकडे खरंच काम होतं, विकायला आलेल्यांच्या अगदी उलट. तरी नोट वाचून ते त्याच रांगेत उभे राहिले.

मग आम्ही दोघांनी नोट नव्यानं लिहायला घेतली. या भागात सांगायचं आहे ते मुख्यतः या लिहिण्याबद्दल.

आधी जागेचा हिशोब. मोफत खात्याला नोटसाठी 200 अक्षरं मिळतात, प्रीमियम खात्याला 300. शिवाय मोफत खात्यातून नोट जोडून पाठवलेल्या विनंत्या महिन्याला मोजक्याच जाऊ शकतात, त्यामुळे प्रत्येक नोट विचार करून खर्चायची. मराठीत लिहिणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. इथे काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरातला हलन्त ही सगळी वेगवेगळी मोजली जातात. «फाउंड्रीचा» हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो, पण मोजणीत तो दहाचा होतो. म्हणून मराठीत जोडाक्षरांचे जड शब्द परवडत नाहीत. «व्यावसायिक» एकटाच दहा खातो. रोजच्या बोलण्यातले शब्द इथे स्वस्त पडतात आणि वाचायलाही बरे लागतात.

मराठी की इंग्रजी, हेही त्यांनी विचारलं. बाई ज्या भाषेत पोस्ट लिहितात त्या भाषेत लिहावं. त्यांची ती पोस्ट मराठीत होती, त्यामुळे इथे प्रश्न उरला नाही.

दुसरा हिशोब म्हणजे काय लिहायचंच नाही. बाईंना विनंती दिसते तेव्हा नोटच्या वर तुमचं नाव, फोटो, नावाखालची ओळ आणि दोघांच्या समाईक ओळखी आधीच दिसत असतात. त्यामुळे «मी अमुक, तमुक कंपनीचा संचालक» या वाक्यावर जागा घालवायची नाही. पण त्यासाठी नावाखालची ती ओळ कामाची असायला हवी. फाउंड्रीवाल्यांच्या नावाखाली होतं «उद्योजक, मार्गदर्शक, स्वप्न पाहणारा». ते काढून «सीआय आणि एसजी कास्टिंग, शिरोली, कोल्हापूर» केलं. आता नोटमध्ये स्वतःची ओळख करून द्यायची गरज राहिली नाही.

त्यांनी फोननंतर स्वतः लिहिलेला दुसरा मसुदा पहिल्याच्या दुसऱ्या टोकाला गेला होता. त्यात फाउंड्री कधी सुरू झाली ते होतं, आयएसओ होतं, ग्राहक कंपनीचं नाव होतं, कास्टिंगचा ग्रेड एफजी 260 होता, मशिनिंगनंतर ब्लोहोल निघालं तर मशिनिंगची मजुरी आम्ही भरू असं आश्वासन होतं, आणि शेवटी «बुधवारी चारला भेटायला येऊ का» असंही होतं. हे सगळं 200 अक्षरांत बसणं शक्यच नव्हतं. पण बसलं असतं तरी मी बरंचसं काढलं असतं. प्रत्येक गोष्टीचं कारण वेगळं आहे.

ग्राहकाचं नाव सगळ्यात आधी काढलं. अजून ओळखही न झालेल्या माणसाला आपल्या गिऱ्हाइकाचं नाव आणि महिन्याची मागणी एकत्र लिहून देणं धोक्याचं आहे. उद्या हे मशीन शॉप दुसऱ्या फाउंड्रीला हाताशी धरून थेट त्या पंपवाल्याकडे जाऊ शकतं. बाई तसं करतील असं मी म्हणत नाही. पण तुमच्या ग्राहकाला कळलं की त्याचं नाव तुम्ही अनोळखी इनबॉक्सांमध्ये वाटता आहात, तर त्याला ते आवडणार नाही. «पंप केसिंग» एवढ्यानं बाईंना कामाचा अंदाज येतो.

ब्लोहोलची अट मला मनापासून आवडली होती. फाउंड्री आणि मशीन शॉप यांच्यात भांडणं होतात ती बहुतेक याच जागी. वरून साबूत दिसणाऱ्या कास्टिंगमध्ये आत पोकळी किंवा वाळू असते. टूल दोन-तीन मिलिमीटर आत गेलं की ती उघडी पडते. तोवर मशीनचा वेळ खर्ची पडलेला असतो. फाउंड्री म्हणते, नग बदलून देतो. मशीन शॉप म्हणतं, माझ्या तासांचं काय? हे आधीच मनात असणारा फाउंड्रीवाला मशीन शॉपला हवाच असतो. तरीही अट नोटमध्ये नको, कारण ड्रॉइंग न बघता लिहून दिलेला शब्द नंतर फिरवता येत नाही. सगळी मजुरी की कापलेल्या टप्प्यापुरती, शेकडा किती नगांपर्यंत, हे ठरल्याशिवाय अट अर्धवट राहते. ती समोरासमोर बोलायची गोष्ट आहे.

ग्रेडचं तसं नाही. एफजी 260 लिहिण्यात धोका काही नाही, टूल आणि वेग ठरवताना तो लागतोच. पण हे काम घ्यायचं की नाही हा निर्णय बाई ग्रेडवरून करणार नाहीत. मग त्या कशावरून करतील? फाउंड्रीवाल्यांना मी हाच प्रश्न विचारत राहिलो आणि उत्तरं त्यांच्याकडे होतीच. पहिलं म्हणजे नग काय आहे. पंपाच्या केसिंगला सक्शन आणि डिलिव्हरीचे फ्लँज बहुधा काटकोनात असतात, शिवाय मधला बोअर असतो. व्हीएमसीवर असा नग उलटासुलटा करून पुन्हा पुन्हा बांधावा लागतो. एचएमसीवर टेबल फिरवून एकाच बांधणीत त्याच्या बऱ्याच बाजू होतात. म्हणजे बाईंच्या नव्या मशीनला शोभणारं हे काम आहे, आणि ते त्यांना «पंप केसिंग» या दोन शब्दांतच कळतं. दुसरं वजन. बावीस किलोचा नग हातानं चढवायचा की हॉइस्ट लावायचा, फिक्स्चर केवढं लागेल, हे वजनावरून डोळ्यांसमोर येतं. तिसरं महिन्याचे नग. महिन्याला 300 म्हणजे 25 दिवस धरले तर रोजचे 12. एका नगाला अर्धा तास लागतो असं धरलं तर सहा तास, म्हणजे जवळपास एक शिफ्ट. त्या दुसऱ्या शिफ्टसाठीच काम शोधत होत्या! आणि इतक्या नगांसाठी फिक्स्चर बनवण्याचा खर्च करावा की नाही, हेही त्यांना लगेच ठरवता येतं.

नग, वजन आणि महिना, एवढ्या माहितीवर बाई मनातल्या मनात होय किंवा नाही म्हणू शकतात. आणखी माहिती दिली असती तर निर्णय सोपा झाला नसता, उलट वाचायचं काम वाढलं असतं.

बुधवारची भेट काढली, कारण ओळख होण्याआधी वेळ मागणं म्हणजे समोरच्यावर भार टाकणं. त्याऐवजी एक सरळ प्रश्न ठेवला, ज्याचं उत्तर त्या दोन शब्दांत देऊ शकतील. मसुद्यातला «भागीदारी» हा शब्दही मीच काढायला लावला. तो वाचून भांडवल, वाटा, करारनामा असं सगळं डोक्यात येतं. प्रत्यक्षात पुढे दोनपैकी काहीतरी होईल. एकतर फाउंड्री चलनावर कास्टिंग पाठवेल आणि बाई जॉबवर्कची मजुरी लावतील, नाहीतर त्या कास्टिंग विकत घेऊन तयार केसिंग पुरवतील. दर, जबाबदारी आणि ग्राहकाशी कुणी बोलायचं, हे दोन्हीत वेगवेगळं असतं. ते पुढे ठरेल.

एवढं करून नोट अशी झाली :

«नमस्कार मॅडम. तुमच्या नव्या एचएमसीची पोस्ट वाचली. आम्ही शिरोलीत पंप केसिंग ओततो, नग 22 किलो, महिना 300. ग्राहकाला मशिनिंग करूनच हवंय. असं काम तुमच्याकडे बसेल का? बसत नसलं तरी ओळख असू द्या.»

स्क्रीनच्या मोजणीनं ही 188 अक्षरं होतात. आधीची नोट 170 अक्षरांची होती. जागा जवळपास तेवढीच लागली आहे.

शेवटच्या वाक्याबद्दल फाउंड्रीवाल्यांनी थोडी कुरकुर केली. त्यांचं म्हणणं, आपणच नकाराची वाट दाखवायची कशाला? मला ते वाक्य हवंच होतं. ते नसेल तर विनंती स्वीकारणं म्हणजे कामाला होकार देणं, असं बाईंना वाटू शकतं, आणि ज्यांना आत्ता काम घेता येत नाही अशी माणसं मग उत्तरच देत नाहीत. कदाचित त्यांची दुसरी शिफ्ट मागच्या आठवड्यातच भरली असेल. अशा वेळी त्या विनंती स्वीकारून शेजारच्या शॉपचं नाव सांगू शकतात. नम्रपणा मला या वाक्यात दिसतो. समोरच्याला अवघडल्यासारखं न होता नाही म्हणता आलं पाहिजे. «प्रभावित झालो»मध्ये तो कधीच नव्हता.

पोस्टचा उल्लेख पहिल्याच वाक्यात आहे, तोही मुद्दाम. विनंत्यांच्या यादीत लांब नोट पूर्ण दिसेलच असं नाही, सुरुवात दिसते आणि बाकीचं उघडावं लागतं. पहिल्या ओळीत त्यांच्या मशीनचा उल्लेख असला की हा मजकूर घाऊक पाठवलेला नाही हे तिथेच कळतं. इथे एक काळजी घ्यायची. पोस्ट खरोखर वाचलेली हवी, आणि ती कामाबद्दलचीच हवी. बाईंनी मुलाच्या लग्नाचा फोटो टाकला असेल, तर त्यावरून धंद्याच्या विनंतीची सुरुवात करू नये. आपल्यावर कुणी नजर ठेवून आहे असं माणसाला वाटतं.

आता फाउंड्रीवाल्यांचा खरा पेच. जुनी विनंती तशीच पडून होती. एकदा गेलेल्या विनंतीतली नोट बदलता येत नाही. पाठवलेल्या विनंत्यांच्या यादीत जाऊन Withdraw दाबून ती मागे घेता येते आणि बाईंना त्याची सूचना जात नाही. पण मागे घेतल्यावर त्याच व्यक्तीला पुन्हा विनंती पाठवायला तीन आठवड्यांपर्यंत थांबावं लागतं. त्यांनी मी सांगितल्यावर विनंती मागे घेतली आहे, आणि आता ते थांबले आहेत.

हे तीन आठवडे मोकळे घालवायचे नाहीत. बाईंना फॉलो करायला कुणाची परवानगी लागत नाही. त्यांनी फिक्स्चरबद्दल किंवा टूलबद्दल काही लिहिलं, तर फाउंड्रीच्या बाजूनं खरं काही सांगण्यासारखं असेल तेव्हाच खाली दोन ओळी लिहाव्यात. केसिंगवर मशिनिंगसाठी किती माल ठेवला तर टूलला त्रास होत नाही, कास्टिंगवर पहिली पकड कुठे घ्यावी, हे फाउंड्रीवाला चांगलं सांगू शकतो. «अभिनंदन» आणि हात जोडलेली चित्रं टाकून नाव लक्षात राहत नाही. आणि समाईक ओळखीत कुणी टूल पुरवणारा विक्रेता निघाला, तर त्याला फोन करून बाईंचं काम कसं चालतं ते विचारावं. हे विचारणं लिंक्डइनबाहेर होतं, पण उपयोग तिथेच होतो.

तेवढ्यात कुणी घाईनं तीच नोट दहा मशीन शॉपना पाठवू म्हणेल, तर तेही नको. पोस्टचा उल्लेख काढला की ती नोट पुन्हा कुणालाही चालणारी होते. शिवाय विनंती नाकारणारा माणूस «या व्यक्तीला ओळखत नाही» असंही कळवू शकतो. असं बऱ्याच जणांनी कळवलं तर खात्यावर बंधन येऊ शकतं, आणि पुढच्या विनंतीसाठी समोरच्याचा ईमेल पत्ता मागितला जाऊ शकतो. दोन-तीन शॉप निवडावीत आणि प्रत्येकासाठी पहिलं वाक्य वेगळं लिहावं. कुणाकडे एचएमसी नसून मोठं व्हीटीएल असेल, तर बावीस किलोचं केसिंग त्यांच्या कामाचंच नाही. तिथे विनंती पाठवू नये.

एक शेवटची बारीक गोष्ट, कारण इथे बरेच जण फसतात. मोबाइलवर शोधाच्या यादीत किंवा «तुम्ही ओळखत असाल» अशा सुचवलेल्या माणसांच्या यादीत नावाशेजारी Connect दिसतं. ते दाबलं की बहुतेक वेळा नोट न विचारताच विनंती निघून जाते. म्हणून आधी त्या व्यक्तीचं प्रोफाइल उघडावं. तिथे कधी समोर फक्त Follow दिसतं, Connect आत More मध्ये दडलेलं असतं. नोट जोडायचा पर्याय आला की आधी वहीत किंवा दुसरीकडे लिहून ठेवलेला मजकूर तिथे चिकटवावा, आणि समोरच्याचं नाव, संबोधन पुन्हा एकदा वाचून मगच पाठवावं. एका उद्योजकाला «मॅडम» म्हणून गेलेली विनंती मी पाहिली आहे. ती अर्थातच स्वीकारली गेली नव्हती.

पुढच्या भागात ठरल्याप्रमाणे पहिला निरोप. ड्रॉइंग कधी पाठवायचं, गोपनीयतेचा करार आधी की नंतर, आणि ब्लोहोलची ती अट नेमकी कुठे मांडायची, हे त्यात येईल. ज्यांच्या विनंत्या अशाच अडकून पडल्या आहेत त्यांनी आपली नोट मला पाठवावी, पण सोबत दोन ओळींत हेही लिहावं की तुम्हाला तोच माणूस का हवा आहे. बहुतेकदा खरी नोट त्या दोन ओळींतच असते.